एक आकडा दोनदा, एक गायब: सूत्र कुठे फसतं?

प्रश्न: ॲरेमध्ये १ ते n आकडे हवेत, पण एक दोनदा आलाय आणि एक गायब आहे. हॅशमॅप न वापरता दोन्ही काढायचेत. बेरीज आणि वर्गांची बेरीज घेऊन जावात लिहिलं. लहान टेस्ट पास होतात, n मोठा झाला की उत्तर भलतंच येतं, कधी उणे. चुकतंय कुठे?

उत्तर:

गणित बरोबर आहे. घोळ बहुतेक `n*(n+1)*(2*n+1)/6` या एका ओळीत असणार. पण आधी एक छोटं उदाहरण हाताने सोडवू, म्हणजे नेमकं काय मोडतं ते दिसेल.

ॲरे घ्या `[3, 1, 5, 3, 2, 6]`. बेरीज २०, हवी होती २१. दोनदा आलेला वजा गायब, हा फरक −१. नुसत्या बेरजेतून एवढंच कळतं: गायब आकडा एकाने मोठा आहे. ती जोडी १-२ असेल, ३-४ असेल, काहीही. अज्ञात दोन आणि समीकरण एक, म्हणून वर्ग लागतात. वर्गांची बेरीज ८४, हवी होती ९१, फरक −७. आता दोनदा आलेला a आणि गायब b धरला तर a² − b² म्हणजे (a − b)(a + b), तेव्हा −७ ला −१ ने भागलं की दोघांची बेरीज ७ मिळते. बेरीज ७, फरक −१, म्हणजे दोनदा आलेला ३ आणि गायब ४.

आता तुमची ओळ. `int` मध्ये सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. n = १०२३ ला तिन्हींचा गुणाकार २,१४,४३,३८,९४४ होतो, जेमतेम मावतो. n = १०२४ ला तो २,१५,०६,३०,४०० होतो आणि उलटून उणे होतो. मग त्याला ६ ने भागलं की ३५,८४,३८,४०० ऐवजी −३५,७३,८९,४८२ हातात येतं. गंमत म्हणजे खरं उत्तर `int` मध्ये आरामात मावणारं होतं. वर्गांची बेरीज n = १८६० पर्यंत मावते, पण मधला गुणाकार १०२४ लाच बुडतो. शंभर-दोनशे आकड्यांच्या टेस्टमध्ये हे दिसणारच नाही.

सगळे म्हणतात `long` करा. करा, पण रोग गुणाकारात नाही, भागाकारात आहे. जावात ओव्हरफ्लो घड्याळासारखा चालतो: दहा वाजता काटा पाच तास पुढे नेला की तीन वाजतात, पाच तास मागे आणला की पुन्हा दहाच. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करताना मध्ये कितीही वेळा काटा फिरला तरी चालतं, शेवटचं उत्तर मावणारं असेल तर ते बरोबरच येतं. भागाकाराला मात्र ही सवलत नाही. काटा फिरून गेल्यावर ६ ने भागलंत की संपलं.

म्हणून सूत्रच काढून टाका आणि फरक चालता चालता जमवा:

```java
long d = 0, q = 0;
for (int i = 0; i < n; i++) {
    long x = a[i], k = i + 1;
    d += x - k;
    q += (x - k) * (x + k);
}
long s = q / d;
long dup  = (s + d) / 2;
long miss = (s - d) / 2;
```

`q` मध्ये शेवटी उरतो तो फक्त दोन वर्गांमधला फरक, आणि तो n² पेक्षा लहानच असतो. मध्ये तो कुठेही जाऊन येऊ दे. `q / d` हा भागाकार आहे खरा, पण तो उरलेल्या लहान संख्येवर होतो, त्यामुळे धोका नाही. हाच कोड सगळीकडे `int` ठेवून लिहिला तरी n = ४६,३४० पर्यंत बरोबर चालेल, कारण तिथपर्यंत n² मावतो. लीटकोडवरच्या ६४५ क्रमांकाच्या प्रश्नात n जास्तीत जास्त १०,००० आहे, म्हणजे तिथे `long` ची गरजच नाही. `long` घेतलात तर जावाचा कुठलाही ॲरे यात बसतो.

हे जावाचं झालं. सी++ मध्ये चिन्हांकित पूर्णांक उलटला की पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही, तेव्हा तिथे बेरजा `unsigned` प्रकारात जमवा आणि भागाकाराच्या आधी परत चिन्हांकित करून घ्या. पायथनमध्ये पूर्णांकांना मर्यादाच नाही, तिथे तुमचं सूत्रही चाललं असतं, फक्त भागाकार `//` ने करायचा.

एक्सॉरची रीतही लोक सुचवतील. तिच्यात ओव्हरफ्लो नसतो, पण शेवटी दोन आकडे मिळतात आणि त्यातला दोनदा आलेला कोणता हे ठरवायला ॲरेवरून पुन्हा एक फेरी मारावी लागते. ॲरे बदलायची मुभा असेल तर मी चिन्हांची रीत घेईन: आकडा ३ दिसला की तिसऱ्या जागेवरची किंमत उणे करायची. वरच्या उदाहरणात दुसऱ्यांदा ३ येतो तेव्हा तिसरी जागा आधीच उणे असते, हा दोनदा आलेला. शेवटी चौथी जागा अधिकच राहते, तो गायब. वाचताना मात्र `Math.abs` घ्यायला विसरू नका, नाहीतर उणे आकडा इंडेक्स म्हणून जाईल. इंटरव्ह्यूमध्ये ‘ॲरे बदलला तर चालेल का?’ हे आधी विचारून घ्या.

आता बेरजेच्या रीतीतली खरी खोट. तुमच्या डेटात एकच आकडा दोनदा आणि एकच गायब आहे, हे ती तपासत नाही, गृहीत धरते. `[1, 1, 3, 4, 4, 6]` देऊन बघा. इथे १ आणि ४ दोनदा आहेत, २ आणि ५ गायब आहेत. d येतो −२, q येतो −१२, s येतो ६. कोड बिनधास्त सांगतो: दोनदा आलेला २, गायब ४. प्रत्यक्षात २ ॲरेत नाहीच आणि ४ दोनदा आहे. अगदी उलटं, आणि दिसायला निर्दोष: पूर्णांक, १ ते ६ मधले, ना एरर ना इशारा.

प्रश्नपत्रिकेत ही हमी दिलेली असते. पण पावती क्रमांक किंवा हजेरी क्रमांक असा खरा डेटा असेल तर उत्तर निघाल्यावर एक फेरी जास्त मारा: `dup` बरोबर दोनदा सापडतो का आणि `miss` एकदाही सापडत नाही ना, हे मोजा. त्यालाही जास्तीची मेमरी लागत नाही. वरचा ॲरे तिथे पहिल्याच अटीत पकडला जातो. आणि भागाकाराआधी d शून्य आहे का तेही बघा. सगळे आकडे जागच्या जागी असले तर तो शून्यच येतो, आणि जावा `ArithmeticException: / by zero` फेकून मोकळं होतं. पण d शून्य म्हणजे ॲरे निर्दोष असंही समजू नका: १ आणि ४ दोनदा, २ आणि ३ गायब असले तरी d शून्यच येतो. अशा वेळी चिन्हांची रीत किंवा सरळ मोजणीचा ॲरे घ्या.