पार्सलाची तपासणी: वजनकाटा काय पकडतो, काय नाही

"भिंतीवरचे शेल्फ विकतो. कधी रंग चुकतो, कधी स्क्रूची पिशवी राहते, कधी फळीचा कोपरा फुटलेला निघतो. पॅक करणारा म्हणतो, सगळं बघूनच भरलं. मग तपासायचं कधी आणि काय?"

तो खरंच बघूनच भरतो. पण रॅकवरून माल काढताना त्याच्या डोक्यात 'गडद तपकिरी' बसलेलं असतं, मग हातात काळी फळी आली तरी ती त्याला तपकिरीच दिसते. म्हणून माल काढणारा आणि तपासणारा वेगळा हवा. माणूस एकच असेल, तर त्याने आधी सगळ्या ऑर्डरींचा माल काढावा आणि तपासणी नंतर, स्वतंत्रपणे करावी. ऑर्डरच्या कागदावरून वस्तूकडे नको, वस्तूवरून कागदाकडे यायचं: फळीवरचा कोड स्कॅन करायचा किंवा मोठ्याने वाचायचा, मगच ऑर्डर बघायची. टेबलावर एका वेळी एकच ऑर्डर. पत्त्याचं लेबल तपासणी झाल्यावरच छापायचं, नाहीतर दोन बरोबर भरलेल्या पार्सलांची लेबलं एकमेकांवर जातात.

सुटे भाग राहू नयेत म्हणून बरेच जण भरलेल्या खोक्याचं वजन करतात. आम्हीही करायचो, तरी पिशवी नसल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. कारण शोधायला दहा पूर्ण संच मोजले. सगळ्यात हलका २२९० ग्रॅम, सगळ्यात जड २३४५. लाकूडच कमीजास्त भरतं, त्यामुळे ५५ ग्रॅमचा फरक. स्क्रूची पिशवी फक्त ४२ ग्रॅमची! जड फळीच्या संचातून ती गायब झाली, तरी काटा २३०३ दाखवणार आणि आपण 'बरोबर' म्हणणार. २१० ग्रॅमचा ब्रॅकेट राहिला तर मात्र लगेच कळतं. तुम्हीही असे दहा संच मोजा. जो भाग या फरकापेक्षा हलका, त्याच्यासाठी मोठ्या काट्यावर विसंबू नका.

पिशवी आता आम्ही छोट्या काट्यावर वेगळी मोजतो. ४ ग्रॅमचा एक स्क्रू कमी असला तर तिथे दिसतो, पण १ ग्रॅमचा प्लॅस्टिकचा प्लग तिथेही निसटू शकतो. त्यासाठी आठ खळग्यांचा ट्रे केला. प्रत्येक खळग्यात एक स्क्रू, एक प्लग. रिकामा खळगा लांबूनही दिसतो. ट्रे भरला की पिशवीत ओतायचं, पिशवी सील करायची आणि ती फळीलाच चिकटपट्टीने लावायची.

नुकसानीसाठी फळी दिव्याखाली तिरकी धरा, ओरखडे समोरून धरल्यावर लपतात. चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवा. खोकं बंद केल्यावर एकदा हलवा, आत काही सरकल्याचा आवाज आला तर भरण कमी आहे. आत्ता धडधाकट असलेला कोपरा वाटेत फुटेल, म्हणून ते खोकं उघडून पुन्हा भरा.

सापडलेली प्रत्येक चूक वहीत लिहा, रॅकच्या खणासकट. आमच्या वहीत काळा-तपकिरी गोंधळ सतत एकाच जागी दिसायला लागला, कारण दोन्ही रंग शेजारच्या खणांत होते. मध्ये पांढऱ्याचा खण आणला.