श्रिंक फिट: ड्रॉइंगवरचा इंटरफेरन्स पूर्ण मिळत नाही

अरे, 50 मिमीचा भरीव शाफ्ट आणि 100 मिमी बाहेरच्या व्यासाचा हब, दोन्ही स्टीलचे, असं धर. सूत्र सोपं आहे:

p = (E·δ / 2d) · (1 − d²/D²)

p म्हणजे सांध्यावरचा दाब, d शाफ्टचा आणि D हबचा बाहेरचा व्यास, E स्टीलचा लवचिकता गुणांक. δ म्हणजे व्यासावरचा इंटरफेरन्स, शाफ्ट हबच्या बोअरपेक्षा जितका मोठा तेवढा. त्रिज्येवरचा घातलास तर दाब निम्माच येईल. E 200 GPa घेतला की दर मायक्रॉनला 1.5 MPa.

तू ड्रॉइंगवर H7/s6 हा फिट लिहिलास, म्हणजे इंटरफेरन्स 18 ते 59 मायक्रॉन, दाब 27 ते 88 MPa. पण बसवताना पृष्ठभागाची टोकं चेपली जातात. दोन्हींचा Rz, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा, 6 मायक्रॉन असेल, तर दोन्हींच्या बेरजेच्या 0.8 पट, साधारण 10 मायक्रॉन गेले. मग खालच्या टोकाला उरतात 8, दाब फक्त 12 MPa! टॉर्क नेहमी याच टोकावर तपास. हबचा ताण मात्र वरच्या टोकावर, कारण बोअरवर तो दाबाच्या 5/3 पट असतो, सुमारे 147 MPa. स्टीलला चालेल, कास्ट आयर्नच्या हबला मी हे देणार नाही (त्याचा E कमी, सूत्रही वेगळं).

बसवायला 59 मायक्रॉन अधिक 50 मोकळीक हवी, म्हणजे हब शाफ्टपेक्षा साधारण 200 अंशांनी गरम. शाफ्टवर तेलाचा थर ठेवू नकोस, घर्षण घटतं.