“अजून सिंगल का?” याला काय लिहायचं?

अ‍ॅपवर मॅच झालेली मुलगी विचारतेय, “तू अजून सिंगल कसा?” काय उत्तर देऊ? (पुणे)

दोन-तीन ओळी पुरेत: एक खरं कारण आणि लगेच तिच्याबद्दल एक प्रश्न. उदाहरणार्थ, “दोन वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गेली, आता कुठे वीकेंड मोकळे मिळतायत. तुझा रविवार कसा असतो, सिंहगड की झोप?” कारण मात्र खरंच असू द्या, भेटल्यावर त्यावरच बोलणं निघतं.

“योग्य मुलगी भेटलीच नाही” नको. त्यात दोष आधीच्या सगळ्यांवर जातो, आणि तिला पुढे बोलायला धागाही उरत नाही.

ब्रेकअप झालं असेल तर “गेल्या वर्षी एक नातं संपलं, आता बरा आहे” एवढंच, बाकीचं चहावर. ती नुसतं “हम्म” म्हणाली तर खुलासे वाढवू नका, विषय बदला.