मल्याळममधली चिल्लू अक्षरं आणि आखूड ‘ए’

प्रश्न: मी मल्याळम शिकतो आहे. पावसाच्या बातमीचा सारांश टाइप केला, तर शिक्षिकेने ‘കെരളത്തില്’ या एका शब्दात दोन चुका काढल्या, पण पुढचा ‘ഇന്ന്’ तसाच ठेवला. दोन्हींच्या शेवटी हलन्तच तर दिसतो. मग एक चूक आणि एक बरोबर, असं कसं?

उत्तर: तुम्ही ज्याला हलन्त म्हणता ती चंद्रकला (്). शब्दाच्या मधे ती आपल्या पायमोडीसारखंच काम करते, पण शेवटी आली की तिचा उच्चार असतो: ओठांचा चंबू न करता काढलेला, अर्धवट ‘उ’. ‘ഇന്ന്’ म्हणजे ‘आज’, आणि त्याच्या शेवटी हा अर्धवट ‘उ’ खरोखरच आहे. ‘केरळत्तिल्’ (केरळात) मात्र निखळ ‘ल्’वर संपतो. अशा स्वरहीन व्यंजनांसाठी मल्याळममध्ये वेगळी अक्षरं आहेत, तीच चिल्लू. नेहमीच्या वापरातली पाच: ൺ (ण्), ൻ (न्), ർ (र्), ൽ (ल्), ൾ (ळ्). म्हणून शुद्ध रूप കേരളത്തിൽ.

हा नुसता शोभेचा फरक नाही. അവൻ म्हणजे ‘तो’ आणि അവന് म्हणजे ‘त्याला’. कर्ता की चतुर्थी, एवढं त्या एका खुणेवर ठरतं. त्यामुळे सगळे ‘ന്’ शोधून ൻ करून टाकायचा मोह आवरा. तसं केलंत तर ‘ഇന്ന്’सुद्धा बिघडेल.

दुसरी चूक ‘के’ची. आपला ‘ए’ कायम दीर्घ, म्हणून मराठी कानाला मल्याळममधले ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे जाणवत नाहीत. रोमन अक्षरांवरून टाइप करायच्या बऱ्याच पद्धतींत e दाबलं की ऱ्हस्व കെ उमटतं, दीर्घ കേ साठी E लागतं. ‘ओ’च्या बाबतीत तर बातमीच फिरते: കോടി म्हणजे कोटी, കൊടി म्हणजे झेंडा. मदतनिधीचे दहा कोटी क्षणात दहा झेंडे होतात.

‘ए’च्या मात्रेची आणखी एक गंमत. ती दिसते व्यंजनाच्या डावीकडे, पण टाइप करायची व्यंजनानंतर. डोळ्यांवर विश्वास ठेवून आधी मात्रा दाबली, तर शब्दाच्या सुरुवातीला ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि चूक लगेच कळते. शब्दाच्या मधे मात्र ती आधीच्या अक्षराला गुपचूप चिकटते आणि പ്രദേശം (प्रदेश) चा പ്രേദശം (‘प्रेदशम्’) होतो. कुठलंही वर्तुळ नाही, इशारा नाही.

आता कदाचित तुमचा दोष नसलेली बाजू. चिल्लूंना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली, 5.1 आवृत्तीत मिळाली. त्याआधी ൽ लिहायला ല, चंद्रकला आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह, असे तीन तुकडे लागत. मजकूर साफ करणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते अदृश्य चिन्ह गाळलं की मागे ല് उरतो. आपल्याकडे जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘दऱ्या’मधून हेच चिन्ह गळलं की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, तोच हा प्रकार. शिवाय ते चिन्ह टिकलं तरी जुना आणि नवा ൽ दिसायला सारखे असूनही युनिकोडच्या लेखी समान नाहीत, त्यामुळे साध्या शोधात एक दिला तर दुसरा सापडत नाही.

बातम्यांच्या मजकुरात आढळणारी तसलीच एक जोडी म्हणजे ഈ (‘हा, ही, हे’) आणि ഇൗ. दुसऱ्यात ‘इ’ला ‘औ’ची खूण जोडलेली असते. जुन्या फॉन्टांत ई असाच जुळवत, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणताना ती जुळणी तशीच राहून जाते. अनेक फॉन्टांत फरक डोळ्यांना दिसतच नाही.

हे दोन प्रकार यंत्राने निस्तरता येतात. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
s = s.replace("\u0D32\u0D4D\u200D", "\u0D7D")
s = s.replace("\u0D07\u0D57", "\u0D08")
```

पहिली ओळ जुन्या ൽ चा नवा करते, दुसरी ഇൗ चा ഈ. बाकीच्या चार चिल्लूंसाठी पहिल्यासारखीच एकेक ओळ लिहायची. पण अदृश्य चिन्ह आधीच गळून गेलं असेल, तर यातलं काही चालत नाही. तिथे वाक्य वाचावंच लागतं: पुढे പറഞ്ഞു (म्हणाला) असेल तर അവൻ, കിട്ടി (मिळालं) असेल तर അവന്.