सगळी पदे तीच असूनही बेरीज का बदलते

«निपाणीहून लिहितोय, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १ − १/२ + १/३ − १/४ + … या श्रेणीची पदे जागा बदलून मांडली की उत्तर बरोबर निम्मे येते. एकही पद गाळलेले नाही, एकही दोनदा घेतलेले नाही. तीन दिवस चूक शोधतोय, सापडत नाही.»

चूक सापडत नाही, कारण ती झालेलीच नाही. आपले निम्मे उत्तर बरोबर आहे. कृपा करून ते खोडू नका. मी ते खोडले होते, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

एमएस्सीच्या परीक्षेत मला हीच मांडणी दिली होती: एक धन पद, मग दोन ऋण पदे, पुन्हा एक धन, दोन ऋण.

१ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + १/५ − १/१० − १/१२ + …

प्रत्येक तिकडीतील पहिली दोन पदे एकत्र केली की १ − १/२ चे १/२ होते, १/३ − १/६ चे १/६ आणि १/५ − १/१० चे १/१०. म्हणजे श्रेणी १/२ − १/४ + १/६ − १/८ + १/१० − १/१२ + … अशी उरते आणि ती मूळ श्रेणीच्या बरोबर निम्मी आहे. मूळ बेरीज ln २, म्हणजे सुमारे ०.६९३१, नवी ०.३४६६. इथपर्यंत मी चार ओळींत पोहोचलो होतो. मग वाटले की पदे तीच असताना बेरीज वेगळी येणे शक्य नाही, कुठेतरी आकडेमोड चुकली असणार. पानभर मजकूर खोडला आणि ln २ लिहून मोकळा झालो. निकालानंतर उत्तरपत्रिका पाहायला मिळावी म्हणून अर्ज केला, तर संबंधित कार्यालयाकडून ‘गुणांत बदल नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र आले. कोणत्या प्रश्नात गुण गेले हेच न कळल्याने मी पुढचे वर्षभर दुसऱ्याच प्रकरणाची तयारी करत बसलो. विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे लिखाण दाखवण्यात कोणाचे काय जाते, हे मला आजही समजलेले नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या भागातील मराठी शाळेत आपण ‘बेरीज क्रमनिरपेक्ष असते’ हा नियम घोकतो आणि तो खराच आहे, पण मर्यादित संख्यांसाठी. पुढे पदवीला सगळे इंग्रजीतून येते, तरी मनात ‘बेरीज’ हाच शब्द राहतो आणि त्याला चिकटून तो नियमही येतो. अनंत श्रेणीची बेरीज ही त्या अर्थाने बेरीजच नव्हे. ती आंशिक बेरजांची सीमा असते, आणि क्रम बदलला की प्रत्येक आंशिक बेरीज बदलते. त्यामुळे ‘सगळी पदे शेवटी येतात ना?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘कोणत्याही एका टप्प्यावर थांबलो, तर किती यायचे बाकी आहे?’ असे विचारायला हवे.

हे हिशेबाच्या वहीसारखे पाहावे. नव्या मांडणीत तीन तिकड्या, म्हणजे नऊ पदे झाली, तेव्हा ऋण पदे १/१२ पर्यंत पोहोचली आहेत, पण धन पदे १/५ पर्यंतच. मूळ श्रेणीच्या पहिल्या बारा पदांशी तुलना केली, तर १/७, १/९ आणि १/११ ही तीन पदे थकीत आहेत. मूळ बारा पदांची बेरीज ०.६५३२ येते, थकबाकी ०.३४४९, आणि वजाबाकी करून उरतात ०.३०८३. नऊ पदे थेट मिळवून पाहा, तेवढेच येईल.

आता टप्पा वाढवा. n तिकड्यांनंतर ऋण पदे १/(४n) पर्यंत गेलेली असतात आणि १/(२n + १) पासून १/(४n − १) पर्यंतची धन पदे थकीत असतात. ही पदे बरोबर n आहेत, आणि त्यांतले प्रत्येक १/(४n) पेक्षा मोठे आहे. म्हणून थकबाकी कोणत्याही टप्प्यावर १/४ च्या खाली उतरू शकत नाही. १/७ पुढच्याच तिकडीत येते, १/९ त्याच्या पुढच्या. प्रत्येक पदाची बाकी कधी ना कधी चुकती होते, पण तोपर्यंत नवी बाकी चढलेली असते आणि वहीतील एकूण आकडा शून्याकडे जातच नाही. तो ln २ च्या निम्म्याकडे जातो. आपल्या उत्तरातून जे निम्मे ‘गायब’ झाले, ते हेच.

हे सशर्त अभिसारी, म्हणजे वर्गात ज्याला कंडिशनली कन्व्हर्जंट म्हणतात, त्याच श्रेणीत का घडते, तेही याच वहीत दिसते. पदांचे वर्ग घ्या: १ − १/४ + १/९ − १/१६ + …, आणि हीच एक-धन-दोन-ऋण मांडणी करा. थकीत पदे आताही n च आहेत, पण प्रत्येक १/(४n²) पेक्षा लहान. एकूण थकबाकी १/(४n) पेक्षा कमी, म्हणून ती शून्याकडे जाते आणि बेरीज बदलत नाही. ही श्रेणी निरपेक्ष अभिसारी आहे. आपल्या श्रेणीत मात्र केवळ धन पदे घेतली तरी १ + १/३ + १/५ + … ही बेरीज अमर्याद वाढते आणि केवळ ऋण पदांचेही तसेच. दोन्हीकडे न संपणारा साठा असल्याने हवी ती बेरीज आणता येते: लक्ष्य ओलांडेपर्यंत धन पदे घ्यावीत, मग खाली येईपर्यंत ऋण, पुन्हा धन. पदे लहान होत जात असल्याने चूकही लहान होत जाते. ही रीत रीमानच्या १८५४ च्या प्रबंधात आहे. क्रमाने बेरीज बदलते याकडे डिरिक्ले यांनी १८३७ मध्येच लक्ष वेधले होते.

दोन सूचना देतो, पण मी संशोधक नाही, पदवीच्या मुलांना शिकवतो. आपल्या प्राध्यापकांचा आग्रह वेगळा असेल तर तो पाळावा. पहिली म्हणजे, माझ्या मते कंस घालणे आणि क्रम बदलणे या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकांत एकाच दमात सांगणे चुकीचे आहे. अभिसारी श्रेणीत क्रम न बदलता कंस घातले तर बेरीज कधीच बदलत नाही. किंबहुना प्रत्येक पद जास्तीत जास्त ठरावीक, समजा दहा, जागा इकडेतिकडे सरकवले तरी बदलत नाही. आपल्या मांडणीत १/५ दोन जागा सरकले, १/७ तीन, १/९ चार. हे सरकणे वाढतच जाते, म्हणून थकबाकी साठते.

दुसरी सूचना गुणांच्या दृष्टीने. तिकड्या करून मिळणारे निम्मे उत्तर केवळ ३n पदांच्या आंशिक बेरजांबद्दल बोलते. ३n + १ आणि ३n + २ पदांच्या बेरजा त्यापासून एक-दोन पदांनीच वेगळ्या असतात आणि ती पदे शून्याकडे जातात, हे वाक्य लिहिल्याशिवाय सिद्धता पूर्ण होत नाही. बरेच जण हे वाक्य गाळतात.

आता दोन धन आणि एक ऋण अशी मांडणी स्वतः करून पाहा: १ + १/३ − १/२ + १/५ + १/७ − १/४ + … इथे ऋण पदे थकतात, १/(२n + २) पासून १/(४n) पर्यंतची. बेरीज ln २ च्या दीडपट, म्हणजे सुमारे १.०३९७ यायला हवी. पहिल्या तिकडीनंतर आपल्या वहीत ०.८३३३ आणि दुसरीनंतर ०.९२६२ दिसेल.