चार्जरची लाईट लागते, लॅपटॉप चालतो पण, बॅटरी १४ टक्क्यांवरच अडकलीये. चार्जर घेऊ की बॅटरी? दुकानवाला मदरबोर्ड म्हणतोय

दुकानवाल्याला एवढ्यात हो म्हणू नका. घरीच अर्धा पाऊण तास दिलात तर नेमकं कुठे बिघडलंय ते बऱ्यापैकी कळतं, आणि चार्जर, जॅक, बॅटरी, मदरबोर्ड या चार जागांपैकी सगळ्यात महाग जागेपासून सुरुवात करायचं काहीच कारण नाही.

पहिली गोष्ट त्या लाईटची. चार्जरच्या ठोकळ्यावरची लाईट एवढंच सांगते की भिंतीतली वीज ठोकळ्यात आली आणि आत तिची १९ व्होल्टच्या आसपासची डीसी झाली. ठोकळ्याच्या पुढे जी दीड-दोन मीटर वायर आहे, तिच्या टोकाची पिन आहे, लॅपटॉपचा जॅक आहे, त्यातलं त्या लाईटला काही कळत नाही. वायर मधे पूर्ण तुटली असली तरी लाईट तशीच लागणार. म्हणून "लाईट लागते म्हणजे चार्जर चांगला" हे आधी मनातून काढून टाका, माझ्या ओळखीत दोघांनी याच समजुतीवर नवीन बॅटरी आणली आणि तीही चार्ज होईना.

आता तुम्ही लिहिलंय की बॅटरी १४ वर अडकलीये. हे अडकणं फार कामाचं आहे. चार्जर लावून लॅपटॉप तासभर चालू ठेवा आणि आकडा बघत रहा. १४ चा १३, १२ असा उतरत गेला तर लॅपटॉप बॅटरीवरच चालतोय, म्हणजे चार्जरमधून त्याला काहीच पोचत नाहीये, मग वायर, पिन किंवा जॅक. पण तासाभरानंतरही १४ च राहिला तर लॅपटॉप चार्जरवर चालतोय, म्हणजे मुख्य वीज ठोकळ्यातून निघून वायरीतून, जॅकमधून आत व्यवस्थित येतेय, फक्त बॅटरीत जात नाहीये. तुमच्या वर्णनावरून मला हे दुसरंच वाटतंय. (६० किंवा ८० वर अडकली असती तर मी म्हटलं असतं की बॅटरी जपायची लिमिट ऑन झालीये, ती सेटिंगमधून काढा. १४ वर तसं नसतं.)

मग वीज आत येतेय तर बॅटरीत का जात नाही? इथे बहुतेक जण गडबडतात. डेल आणि एचपीच्या गोल पिनमधे बघा, अगदी मधोमध एक बारीक सुई दिसते. वीज त्या सुईतून येत नाही, वीज येते पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतीतून. सुई आहे ओळख द्यायला. लॅपटॉप त्या सुईतून चार्जरला विचारतो की तू कोण आणि किती वॅटचा, आणि डेलच्या ठोकळ्यात तर यासाठी एक छोटी मेमरी चिप असते जी उत्तर देते. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप समजतो हा चार्जर कमी ताकदीचा असू शकतो, लॅपटॉप चालवणं आणि बॅटरी भरणं दोन्ही त्याला झेपणार नाही, म्हणून तो स्वतः चालतो पण बॅटरी भरत नाही. बऱ्याचदा प्रोसेसरही हळू करतो, टास्क मॅनेजरमधे स्पीड १ गिगाहर्ट्झच्या खाली अडकलेला दिसतो आणि लॅपटॉप एकदम म्हातारा झाल्यासारखा वागतो. आणि ही ओळखीची वायर असते सगळ्यात बारीक, वीज नेणाऱ्या दोन वायरींपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे केबल रोज वाकवून वाकवून आधी तीच तुटते.

माझ्या बहिणीच्या लॅपटॉपला गेल्या वर्षी हेच झालं. नाशिकला असते ती, दुकानात नेला तर तिला चार्जिंग आयसी गेलाय, ४५०० लागतील, दोन दिवस ठेवून जा असं सांगितलं. मी म्हटलं ठेवू नकोस, घरी आण. घरी आणल्यावर चार्जर लावून लॅपटॉप चालू केला आणि कंपनीचा लोगो येताच F2 दाबत राहिलो, विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन म्हणजे BIOS उघडला, तिथे बॅटरीच्या माहितीच्या पानावर AC Adapter समोर वॅटचा आकडा यायला हवा तर लिहून येत होतं Unknown. तिथेच अर्धं उत्तर मिळालं. मग तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा त्याच कंपनीचा, त्याच पिनचा ६५ वॅटचा चार्जर एका संध्याकाळपुरता मागून आणला. लावला, BIOS मधे 65 W आलं, विंडोज चालू केल्यावर चार्जिंग सुरू, २० मिनिटांत टक्के वाढलेले. आता विचार करा, या एका चाचणीने जॅक, मदरबोर्ड आणि बॅटरी तिन्ही एकदम सुटले, कारण तेच तिन्ही तसेच होते, बदलला होता फक्त चार्जर.

मग तिचा जुना चार्जर हातात घेतला आणि पिनच्या मागची पहिली दोन-तीन इंच वायर बोटांनी चाचपत गेलो. पिनच्या मागे जो जाड रबर असतो तो संपतो ना, बरोबर तिथे वायर जरा मऊ, पोकळ लागत होती, बाकी सगळीकडे घट्ट. ती जागा एका बाजूला दाबून धरली आणि तशीच धरून पिन लावली तर चार्जिंग चालू! सोडून परत लावली तर बंद. तीन वेळा करून पाहिलं, तीनही वेळा तसंच. ती चार्जर लावून लॅपटॉप मांडीवर घ्यायची त्यामुळे वायर रोज तिथेच वाकत होती. नवीन चार्जर घेतला, तेव्हापासून नीट चालतंय. हे दाबून बघताना एक लक्षात ठेवा, लॅपटॉप ओळख बहुतेकदा पिन लावताना एकदाच विचारतो, म्हणून आधी वायर दाबून धरायची आणि मग पिन लावायची, लावलेल्या पिनची वायर हलवत बसून काही कळेलच असं नाही.

तुम्हाला तसा चार्जर मागून आणता आला तर तो व्होल्ट तेवढेच आणि वॅट तितके किंवा जास्त असलेलाच आणा, ठोकळ्याच्या मागच्या स्टिकरवर Output समोर 19.5V असं काहीतरी लिहिलेलं असतं. कमी वॅटचा आणलात तर तोही चार्ज करेलच असं नाही आणि तुम्ही उगाच मदरबोर्डवर संशय घ्याल.

आता दुसऱ्या चार्जरनेही Unknown च आलं तर मग जॅक. मोबाईलचा टॉर्च मारून जॅकच्या आत बघा, मधलं भोक चेपलंय का, काळं पडलंय का, आणि पिन लावल्यावर सगळा जॅक डुगडुगतो का. बऱ्याच लॅपटॉपमधे जॅक मदरबोर्डला चिकटवलेला नसतो, तो छोट्या वायरीसकट वेगळा येतो आणि आत एका सॉकेटमधे नुसता लावलेला असतो, म्हणजे बदलायला सोल्डरिंग लागत नाही आणि पार्टही स्वस्त पडतो. हे दुकानवाल्याला आधीच विचारा की माझ्या मॉडेलचा जॅक वायरीचा आहे की बोर्डवरचा.

चार्जर मागायला कोणी नसेल तर मल्टीमीटर, साधा दोन-तीनशेत मिळतो. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा (२० वर ठेवलात तरी १९.५ बसतं पण अगदी काठावर). सुईच्या पिनमधे लाल टोक आतल्या भिंतीला लावायचं, सुईला नाही, काळं बाहेरच्या भिंतीला, आणि दोन्ही टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत. १९ च्या आसपास स्थिर आकडा आला तर ठोकळा आणि वीजेच्या वायरी ठीक, वायर हलवल्यावर आकडा नाचला तर वायर तुटायला आलीये. पण मीटरची मर्यादाही सांगतो, बहिणीच्या चार्जरवर मीटर पूर्ण १९.५ दाखवत होता आणि तरी चार्जर खराबच होता, कारण वीजेच्या वायरी धड होत्या, तुटली होती ओळखीची. म्हणून मीटरपेक्षा BIOS मधली ती ओळ मला जास्त भरवशाची वाटते.

आता समजा BIOS मधे वॅट बरोबर येतायत, लॅपटॉप चार्जरवर चालतोय आणि तरी १४ चे १५ होत नाहीत. तेव्हा बॅटरीकडे या. आधी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग परत लावून बघा, चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर कधी कधी नुसता अडकलेला असतो आणि याने सुटतो. नाही सुटला तर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

एक फाईल तयार होते, कुठे सेव्ह झाली ते तिथेच दिसतं, ती ब्राउझरमधे उघडा. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज पूर्ण भरल्यावर जेवढी मावते ती. ४२,००० च्या जागी ३०,००० असेल तर बॅटरी म्हातारी आहे पण तिने चार्ज व्हायला हवं. ४२,००० च्या जागी ८-१० हजार असेल, किंवा चार्जर काढल्या काढल्या लॅपटॉप पटकन बंद पडत असेल, तर बॅटरी गेली, दुसरं काही शोधू नका. आणि टचपॅड वर उचललं गेलंय, खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर चार्जर लगेच काढा, बाकीच्या चाचण्या करू नका, फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, काढवून घ्यायची.

एक खूण राहिली. चार्जरची लाईट एरवी लागते पण पिन लॅपटॉपला लावली की विझते आणि काढून थोडा वेळ थांबलं की परत लागते, असं होत असेल तर लॅपटॉपच्या बाजूला शॉर्ट असू शकतो आणि ठोकळा स्वतःला वाचवायला बंद होतोय. ओळखीच्याच्या चार्जरने करून बघा, त्याचीही विझली तर जॅक किंवा बोर्ड.

आणि BIOS ला चार्जर ओळखू येतोय, बॅटरी रिपोर्टही चांगला आहे, किंवा दुसरी चालू बॅटरी टाकूनही चार्ज होत नाही, तेव्हा दुकानवाल्याचं खरं असू शकतं, चार्जिंगचं सर्किट बोर्डवरच असतं आणि तेही जातं. पण तेव्हाही लॅपटॉप ठेवून येऊ नका, समोर उघडायला सांगा आणि जॅकच्या वायरीच्या बोर्डाकडच्या टोकाला १९ व्होल्ट येतायत का ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. येत नसतील तर जॅक बदलून आधी बघायला सांगा, येत असतील तर मग बोर्डचं बोला.