स्मृतिभ्रंश असलेल्या आई-वडिलांसोबत विमानतळावर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडील ७८ वर्षांचे आहेत, स्मृतिभ्रंश मधल्या टप्प्यात आहे, पण चालतात खणखणीत. सुरक्षा तपासणीत एकेकालाच सोडतात. तेवढ्यात ते कुठे निघून गेले तर? आधी कोणी जायचं, मी की त्यांनी?

दोघंच असाल तर आधी तुम्ही जा आणि मागून त्यांना येऊ द्या. तपासणीच्या अलीकडे दोऱ्या असतात, रांग असते, मागे माणसं उभी असतात. तिथून चटकन निघून जाणं अवघड. पलीकडे मात्र सगळं मोकळं असतं. ते आधी पलीकडे गेले आणि नेमकी तुमची बॅग उघडून बघायला घेतली, तर पाच-दहा मिनिटं तुम्ही एका जागी अडकता आणि ते दुकानांच्या दिशेने चालू लागतात. तुम्ही पुढे असलात तर त्यांना समोर ओळखीचा चेहरा दिसतो आणि ते त्या दिशेने येतात.

पण त्यांना मागे ठेवायचं तर त्यांच्याजवळ कोणीतरी थांबायला हवं. म्हणून ट्रेमध्ये सामान ठेवण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा: "यांना स्मृतिभ्रंश आहे, सूचना पटकन कळत नाहीत, मी पलीकडे पोहोचेपर्यंत यांच्याजवळ थांबाल का?" हे वाक्य रांगेच्या सुरुवातीलाच बोलायचं. तपासणीच्या दारात सांगितलं तर मागच्यांची घाई सुरू झालेली असते आणि कोणी नीट ऐकून घेत नाही. घरचे तिघं असाल तर प्रश्नच मिटतो, एक पुढे आणि एक मागे.

काही ठिकाणी स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या रांगांतून जातात. मुलगी आणि वडील किंवा मुलगा आणि आई असा प्रवास असेल तर हे आधीच लक्षात घ्या, कारण ताटातूट तिथे ठरलेलीच असते. अशा वेळी आपल्या रांगेत जाण्याआधी त्यांच्या रांगेतल्या कर्मचाऱ्याला गाठा आणि तपासणी झाल्यावर यांना खुर्चीवर बसवून ठेवा, अशी विनंती करा.

गडबडीचं दुसरं कारण म्हणजे अंगावरच्या वस्तू. पट्टा काढा, घड्याळ काढा, पाकीट ट्रेमध्ये टाका, असं अनोळखी माणसाने सांगितलं की आपल्याला लुबाडताहेत असं त्यांना वाटू शकतं आणि मग झटापट होते. त्यामुळे इलॅस्टिकची पँट, सहज काढता-घालता येणारे बूट आणि रिकामे खिसे, ही तयारी घरूनच करून निघा. पाकीट आणि घड्याळ रांगेत शिरण्याआधी तुमच्या बॅगेत जाऊ द्या. हात वर करून स्थिर उभं राहायचं स्कॅनर त्यांना जमणार नसेल तर हाताने तपासणी करा म्हणून सांगता येतं, आणि ती आडोशाला, तुमच्या समोर व्हावी असंही मागता येतं. गुडघ्यात किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल तर तेही आधीच सांगा.

तपासणी झाल्यावर लोक तिथेच उभं राहून पट्टा बांधतात, लॅपटॉप आत ठेवतात, आणि मान खाली गेलेली असताना शेजारचा माणूस निघून जातो. सामान तसंच गोळा करा, वडिलांच्या हातात एखाद्या बॅगेची मूठ द्या आणि जवळच्या बाकावर जा. आवराआवर तिथे, त्यांना भिंतीच्या बाजूला बसवून.

प्रश्न: आईला विसरायला होतं, पण ती चालते. तरी व्हीलचेअर मागावी का? मागितली की सोबत माणूस असतोच, म्हणजे आपण निर्धास्त, असं बहीण म्हणते.

मागा. रांगा कमी होतात, लांबचं चालणं वाचतं, आणि थकवा कमी झाला की गोंधळही कमी होतो. पण बहिणीचा दुसरा मुद्दा धोक्याचा आहे. खुर्ची ढकलणाऱ्याचं काम पोहोचवण्याचं असतं, राखण करण्याचं नव्हे. तो आईंना मदतीच्या कक्षात किंवा गेटजवळ सोडून पुढच्या प्रवाशाकडे जातो. ज्यांना चालता येतं त्या उठतात आणि चालू लागतात.

शिवाय व्हीलचेअरच्या नोंदीतून विमान कंपनीला फक्त पायांबद्दल कळतं. तिकिटाच्या नोंदीत `WCHR` असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की प्रवासी जिने चढू शकतो पण लांब चालू शकत नाही. विसरण्याबद्दल त्यात अक्षरही नसतं. आकलनाची अडचण असलेल्या, मदत लागणाऱ्या प्रवाशासाठी `DPNA` हा वेगळा संकेत आहे. उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला फोन करून दोन्ही नोंदी करायला सांगा, आणि "कोणता संकेत टाकला?" असं विचारून खात्री करून घ्या. उड्डाण बदललं तर अशा नोंदी नव्या आरक्षणात येतीलच असं नाही, म्हणून तेव्हा पुन्हा विचारा. प्रवासात दोन वेगळ्या कंपन्या असतील तर दोघींना वेगवेगळं कळवा.

खुर्ची आल्यावर एकच गोष्ट ठामपणे सांगायची: आम्ही दोघी एकाच वाटेने जाणार. मदतीची वाट कधीकधी वेगळ्या लिफ्टने किंवा वेगळ्या दाराने जाते आणि सोबतच्याला "तुम्ही तिकडून या" म्हणतात. त्याला नकार द्या. उतरताना व्हीलचेअरचे प्रवासी सहसा शेवटी उतरतात. बाकीचे उठायला लागले की आईही उठतील, म्हणून त्यांना खिडकीची जागा आणि तुम्हाला वाटेवरची.

पिवळ्या सूर्यफुलांची हिरवी फीत तुम्ही पाहिली असेल. बाहेरून न दिसणारी अडचण असलेल्या प्रवाशांसाठी ती २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता अनेक देशांतल्या विमानतळांवर ओळखली जाते. ती गळ्यात असली की दर वेळी समजावून सांगावं लागत नाही. मात्र तिच्यावर संपर्क नसेल तर हरवल्यावर तिचा उपयोग नाही. नाव आणि तुमचा मोबाइल नंबर लिहिलेलं कार्ड खिशात वेगळं हवंच.

प्रश्न: मी मुलगी, सोबत बाबा. स्वच्छतागृहाचं काय करायचं?

दिव्यांगांसाठीचं एकट्याचं, स्वतंत्र दाराचं स्वच्छतागृह वापरा. तिथे दोघांनी एकत्र जाणं रीतसर आहे, संकोच नको. तुम्हाला स्वतःला जायचं असेल तेव्हाही त्यांना सोबत आतच न्या. "इथेच बसा हं, आलेच" हे वाक्य त्यांच्या लक्षात राहत नाही. पुरुषांच्या मोठ्या स्वच्छतागृहात एकटं पाठवायची वेळच आली तर आधी एक बघा: त्याला दुसरं दार आहे का? एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते. जायला लागू नये म्हणून पाणी तोडू नका. पाणी कमी पडलं की गोंधळ वाढतो.

प्रश्न: संध्याकाळच्या वेळी आई "घरी जायचंय" म्हणत उठते. उड्डाण रात्री ९चं आहे. आधी झोपेची गोळी दिली तर?

पहिल्यांदाच द्यायची असेल तर नको. झोपेच्या गोळ्यांनी आणि झोप आणणाऱ्या काही ॲलर्जीच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशात गुंगी येण्याऐवजी उलट अस्वस्थता आणि भ्रम वाढू शकतो. त्यात तोल जाऊन पडण्याचा धोका. डॉक्टरांनी दिलीच तर तिचा परिणाम काही दिवस आधी घरीच पाहून घ्यावा. त्यापेक्षा तिकीट बदला. दुपार कलल्यावर वाढणारी ही बेचैनी बऱ्याच रुग्णांत दिसते, आणि सकाळच्या उड्डाणाने ती बरीचशी टळते.

बदलणं शक्य नसेल तर दुपारी अर्धा तास आडवं होऊ द्या, नेहमीची औषधं नेहमीच्या वेळी द्या, आणि गेटवर घोषणांच्या भोंग्यांपासून दूर, उजेड असलेली जागा शोधा. "घरी जायचंय" म्हणाल्या की "अहो आई, आपण विमानतळावर आहोत" असा खुलासा करत बसू नका, त्याने वाद वाढतो. "हो, जायचंच आहे, मी सोबत आहे" एवढंच म्हणा आणि दर वेळी हेच वाक्य म्हणा. पुष्कळदा त्यामागे लघवीची भावना, भूक किंवा थंडी असते, ते आधी विचारा.

एक फरक मात्र ओळखा. एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला, मध्येच सुस्ती, मध्येच बडबड असं चाललं असेल, तर तो नेहमीचा स्मृतिभ्रंश नसून संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. प्रवास थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: वडिलांच्या खिशात ट्रॅकिंग टॅग ठेवणार आहे. तेवढं पुरे ना? आणि तरीही ते दिसेनासे झाले तर आधी काय करायचं?

टॅग ठेवा, पण बॅगेत किंवा जॅकेटमध्ये नको, कारण त्या दोन्ही गोष्टी ते कुठेतरी काढून ठेवतील. पँटच्या आतल्या बाजूला छोटा कप्पा शिवून त्यात घाला. ब्लूटूथ टॅग आसपासच्या फोनच्या आधारे जागा कळवतो. विमानतळावर फोन भरपूर, म्हणून तो चालतो, पण नकाशावरचा ठिपका काही मिनिटं जुना असू शकतो आणि माणूस कोणत्या मजल्यावर आहे ते कळत नाही. जीपीएसचं घड्याळ इमारतीत अडखळतं, आणि परदेशात त्याच्या सिमला रोमिंग लागतं.

आता दिसेनासे झाले तर. समजा तुम्ही काउंटरवर वळलात आणि मागची खुर्ची रिकामी दिसली. सावकाश चालणारा ज्येष्ठही मिनिटाला ५०-६० मीटर जातो. पाच मिनिटं स्वतःच शोधत बसलात तर शोधायचं अंतर २५०-३०० मीटर झालेलं असतं. म्हणून पहिल्याच मिनिटाला जवळच्या गणवेशातल्या माणसाला गाठा आणि "वडील सापडत नाहीत" एवढंच न म्हणता "स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आहेत, एकटे आहेत" असं सांगा. नुसतं "सापडत नाहीत" म्हटलं तर मोठं माणूस आहे, येईल, असं समजून ते थांबतात.

लगेच फोटो दाखवा. तो आजच्या कपड्यांत, डोक्यापासून बुटांपर्यंत, टॅक्सीतून उतरतानाच काढलेला हवा. कोणत्या रंगाचा शर्ट हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. हा फोटो सीसीटीव्ही कक्षात आणि त्यावरून केलेलं वर्णन वायरलेसवर जाऊ द्या. नावाने केलेल्या घोषणेवर विसंबू नका. त्यांना ती स्वतःसाठी आहे हे कळणार नाही, समोरून हाक मारली तरी ते ओ देतीलच असं नाही.

घरचं एक माणूस खुर्चीजवळच थांबू द्या, ते परत येऊ शकतात. एकटेच असाल तर तिथे एखाद्या कर्मचाऱ्याला थांबवा. दुसऱ्याने आधी सर्वांत जवळची स्वच्छतागृहं बघावीत, मग गर्दी ज्या दिशेने वाहते आहे ती दिशा. असा माणूस बहुधा लोकांच्या मागे चालत राहतो आणि वाट संपेल तिथे अडकतो. कोपऱ्यातली बाकं, बंद काउंटरच्या मागची जागा, लिफ्टसमोरची मोकळी जागा पाहा. तपासणी झालेली असेल तर मुख्य काळजी बाहेर पडणाऱ्या वाटेची, तिथल्या पहारेकऱ्याला आधी कळवायला सांगा. तपासणी व्हायची असेल तर बाहेरची दारं आणि वाहनांचा रस्ता पहिला.

सापडल्यावर मागून हात धरू नका, समोरून या, ते रोज ऐकतात त्या नावाने हाक मारा, आणि "कुठे गेला होतात?" हा प्रश्न गिळून टाका. पडले-लागले आहेत का बघा, पाणी द्या, स्वच्छतागृहात न्या. मग ज्यांना पहिल्यांदा सांगितलं होतं त्यांना "सापडले" म्हणून कळवा. नाहीतर त्यांचा शोध चालूच राहतो, आणि गेटवर तुम्हालाच पुन्हा अडवलं जातं.